फ्यूज तेवढा राहिला

मोटारींच्या वायरिंगचे नकाशे काढणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. कुठली वायर किती जाड, ती कुठून कुठे जाणार, कुठे घासणार, कुठे वाकणार आणि तिच्यासाठी किती अँपिअरचा फ्यूज लावायचा, हे मी रोज आठ तास ठरवतो. त्यासाठीच साताऱ्याहून चेन्नईला आलो. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणाला वाटायला नको.

एग्मोर स्टेशनच्या मागच्या एका गल्लीत मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालक काका आणि त्यांची मुलगी. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं मूळचं तंजावरचं. त्यांची मराठी ऐकली की पहिले काही महिने मला हसू यायचं, कारण ते ‘जेवण जाहलं का’ असं विचारायचे, तेही तमिळच्या चालीवर. मग सवय झाली आणि नंतर तर तो प्रश्न ऐकल्याशिवाय घरी आल्यासारखं वाटेना. मुलीला तमिळ जास्त सोपी पडायची, पण माझ्याशी ती हट्टाने मराठीच बोलायची. ती फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम देणं हा तिचा धंदा, आणि त्यासाठी तिच्याकडे काकांची जुनी मोटारसायकल होती. नुंगंबाक्कमपासून एन्नोरपर्यंत तिचे पेशंट पसरलेले. दिवसभर फोनवर नकाशा चालू, त्यामुळे दुपारपर्यंत फोन बंद पडायचा.

‘अण्णा, गाडीला चार्जरची जागा करून देता का?’ एकदा जिन्यात तिने विचारलं. ‘परवा एन्नोरला फोन गेला आणि मी तासभर बंदराच्या ट्रकांमधून फिरत होते.’

‘पुदुपेटला नको देऊस,’ मी म्हटलं. ‘मीच करतो. ते लोक कुठेही वायर जोडतात.’

पुदुपेट म्हणजे आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवरचा गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. तिथे एका अरुंद दुकानात एक म्हातारे इलेक्ट्रिशियन बसायचे. सगळे त्यांना भाय म्हणत. काकांच्या गाडीची विजेची कामं वर्षानुवर्षं तेच करत होते. त्यांच्याबद्दल मी हे वाक्य बोललो तेव्हा मी त्यांना एकदाही भेटलेलो नव्हतो.

रविवारी सकाळी कामाला लागलो. काम बघायला काका खुर्ची टाकून बसले होते, त्यामुळे मला जरा चेवच चढला होता. मी त्यांना समजावून सांगत होतो. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, इंजिन चालू असताना तिथे चौदाच्या वर जातात, फोनला लागतात फक्त पाच. म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर हवा. मी आणलेला कन्व्हर्टर चांगला होता, रेझिनमध्ये पूर्ण बुडवलेला, पाण्यात टाकला तरी काही होणार नाही असा. सॉकेट हँडलला लावलं, तोंड थोडं खाली, वर रबरी टोपण. प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली नळी चढवून ती गरम करून आवळली. वायर टाकीखालून काळ्या जाळीच्या आवरणातून नेली. मीटर लावून दाखवला. पाच पूर्णांक एक. काका म्हणाले, ‘काय सफाई आहे की हो!’

दोन गोष्टी राहिल्या होत्या. वायर किल्लीच्या पुढच्या लाइनवरून घ्यायची, म्हणजे गाडी बंद झाली की सॉकेटही बंद, असं माझ्या मनात होतं. पण त्यासाठी हेडलाइट उघडावा लागला असता आणि ऊन वर आलं होतं. म्हणून मी ती सरळ बॅटरीच्या धन टोकावर जोडली. आणि फ्यूजची डबी मागवली होती ती आलेली नव्हती. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत तीन अँपिअरचा फ्यूज, हे मी कारखान्यात झोपेतही सांगेन. काकांसमोर मी ते बोललो नाही. ‘झालं’ म्हटलं. दुरुस्त्या पुढच्या रविवारी करू, असं स्वतःला सांगितलं. शिवाय हँडलच्या मानेपाशी वायर लोंबू नये, दिसायला बरी दिसावी, म्हणून मी ती प्लास्टिकच्या पट्टीने फ्रेमला घट्ट बांधली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं असतं. तेही बघितलं नाही.

फ्यूजची डबी बुधवारी आली. मी ती टेबलाच्या खणात ठेवली.

पुढचा रविवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. ती खूश होती, सगळ्यांना सॉकेट दाखवायची. मधल्या काळात तिचा हॉर्न बिघडला म्हणून काकांनी तो भायकडून बदलून घेतला. तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, कारखान्यात काकांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

ती एन्नोरच्या कोळीवाड्यात गेली होती. तिथे एका म्हाताऱ्या कोळ्याला पक्षाघात झाला होता, आठवड्यातून दोनदा ती त्याच्याकडे जायची. व्यायाम संपवून ती बाहेर आली. गल्ली अरुंद म्हणून हँडल टोकापर्यंत वळवून गाडी फिरवत होती. तेवढ्यात टाकीखालून धूर यायला लागला. तिने किल्ली काढली. धूर थांबेना. बाजूचं झाकण उपसून बघते तर बॅटरीकडून येणारी एक वायर विस्तवासारखी लाल. वर पेट्रोलची टाकी. तिने घाबरून ती वायर हाताने धरली आणि ओढली. वायर सुटली नाही, वितळलेलं प्लास्टिक तळव्याला चिकटलं. तेवढ्यात म्हाताऱ्याची बायको ओट्यावर मासे कापत होती ती हातातला सुरा घेऊन आली आणि लाकडी मुठीच्या त्या सुऱ्याने तिने बॅटरीजवळच वायर एका घावात तोडली. मग लोकांनी वाळू टाकली.

किल्ली काढली तरी धूर थांबेना. काका एवढं बोलले आणि मला सगळं कळलं. त्या गाडीत किल्ली काढल्यावरही फ्यूजशिवाय जिवंत राहणारी एकच वायर होती, बॅटरीवर थेट जोडलेली. ती माझी होती. मानेपाशी घट्ट बांधलेली वायर प्रत्येक वळणाला लोखंडावर घासत गेली असणार. शेवटी आतलं तांबं उघडं पडून फ्रेमला लागलं. फ्यूज असता तर एका क्षणात उडाला असता आणि तिला फक्त फोन चार्ज होत नाही एवढंच दिसलं असतं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती ओसरीवर बसली होती. उजवा हात बोटांच्या टोकांपर्यंत पट्टीत. डाव्या हाताने चमच्याने रसमभात खात होती. डॉक्टरांनी निदान तीन आठवडे हात वापरायचा नाही असं सांगितलं होतं. तिचे हात म्हणजे तिचं सगळं काम.

‘हॉर्नच्या वायरीनं झालं असेल ना हे?’ काका म्हणाले. ‘त्या भायनं परवाच तिथं हात घातला होता. तुम्ही ह्यातले माणूस, तुम्हीच सांगा.’

दोघंही माझ्याकडे बघत होते. तिच्या नजरेत संशयाचा लवलेशही नव्हता. मी ते काम करताना तिने पाहिलं होतं, ती टोपणं, त्या नळ्या, तो मीटर. तिला वाटत होतं, माझ्या कामात चूक असणं शक्यच नाही.

‘असू शकतं,’ मी म्हणालो.

हॉर्नची लाइन गाडीच्या मुख्य फ्यूजच्या पलीकडे असते आणि किल्ली काढली की मरते. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी ते दोन शब्द तोंडातून गेले, आणि गेल्यावर मला आतून हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची लाज मला आजही सगळ्यात जास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी गाडी छोट्या टेम्पोत घालून पुदुपेटला नेली. काकांनी मला बरोबर घेतलं, भायने काही सांगून गुंडाळू नये म्हणून. उभ्या आयुष्यात आवाज न चढवलेले काका त्या दिवशी दुकानाबाहेर उभे राहून तमिळमध्ये बोलायला लागले. तुझ्या निष्काळजीपणामुळे माझ्या मुलीचा हात गेला असता, इतकी वर्षं विश्वास ठेवला, वगैरे. शेजारच्या दुकानांतले लोक बाहेर येऊन ऐकू लागले. भाय पायरीवर बसून ऐकत होते. पांढरी दाढी, कानाला अडकवलेला टेस्टर. काका थांबल्यावर ते उठले, टाकी काढली आणि काळी पडलेली वायर बोटांनी चाचपत बॅटरीपासून हँडलपर्यंत गेले.

‘हॉर्न की लाइन ये रही,’ ते माझ्याकडे वळून त्यांच्या दखनी उर्दूत म्हणाले. ‘बाजू की गर्मी से थोडी पिघली, बस. ये दुसरी लाइन किने डाला?’

‘ती ह्या सरांनी टाकली,’ काका म्हणाले. ‘ते इंजिनिअर आहेत. तिचं सोड, तुझ्या कामाचं बोल.’

भायनी माझ्याकडे पाहिलं. मग गोंदाची नळी चढवलेला एक जोड अंगठ्याने पुसला. ‘काम बोत साफ है,’ ते म्हणाले. ‘फ्यूज किधर है, सर?’

‘होता,’ मी म्हणालो. ‘जळला असेल.’

ते बॅटरीच्या टोकाकडची तोडलेली वायर हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. फ्यूजची डबी जळली तरी आतल्या पितळेच्या पट्ट्या उरतात. तिथे काही नव्हतं. त्यांना ते कळलं होतं आणि त्यांना कळल्याचं मलाही कळलं होतं. त्यांनी ते तुकडे खाली ठेवले, हात पुसले आणि काकांना म्हणाले, ‘हौ सर. गाडी छोडके जाओ. मैं देख लेतौं.’

परत येताना काका म्हणाले, ‘बघितलंत? शेवटी गप्प बसला की नाही.’

मी कामावर जायचं सांगून स्टेशनकडे वळलो. कामावर गेलो नाही. फलाटावर एका बाकावर बसलो आणि गाड्या बघत राहिलो. दुपारी घरी आलो, खण उघडला. डबी पाकिटातच होती, फाडलेलीही नव्हती. ती खिशात घालून खाली गेलो.

ती ओसरीवर एकटीच होती, डाव्या हाताने पेशंटना निरोप लिहीत होती. मी पाकीट तिच्यासमोर ठेवलं.

‘हे काय?’

‘हा फ्यूज. हा तुझ्या गाडीत असायला हवा होता. मी लावला नव्हता.’

तिला लगेच अर्थ लागला नाही. मग मी सगळं सांगितलं. बॅटरीवर थेट जोडलेली वायर, मानेपाशी आवळलेली पट्टी, वाया घालवलेले दोन रविवार. हॉर्नचा काही संबंध नव्हता आणि हे मला काल संध्याकाळीच माहीत होतं, हेही सांगितलं. ती पाकिटाकडे बघत होती.

‘एवढीशी वस्तू,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘मला सांगितलं असतंत की अजून झालं नाही, तर मी गाडी वापरली नसती, अण्णा. मी बसने गेले असते.’

काका केव्हा दारात येऊन उभे राहिले ते आम्हाला कळलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

‘मी त्या माणसाला त्याच्या दुकानासमोर चार लोकांत बोललो,’ ते म्हणाले. ‘तुम्ही माझ्या शेजारी उभे होता.’

ते आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि चपला पायात सरकवल्या. ‘चला,’ म्हणाले. एवढंच.

पुदुपेटला पोचलो तेव्हा बाजार गजबजला होता. काकांनी मुद्दाम शेजारचे दुकानदार बाहेर असताना बोलायला सुरुवात केली. सकाळइतक्याच मोठ्याने. माझी चूक झाली, ह्या माणसाने काही केलेलं नाही, मी माफी मागतो. मी पुढे होऊन सांगितलं की फ्यूज कधी नव्हताच आणि मी खोटं बोललो. मोडक्या तमिळमध्ये बोललो म्हणून ते आणखी लांबलं. कुणीतरी हसलं. भायनी हाताने मला थांबवलं.

‘बैठो,’ ते म्हणाले. ‘चा पीयो.’

‘तुम्हाला सकाळीच कळलं होतं,’ मी विचारलं. ‘मग बोलला का नाहीत?’

‘मैं बोलता तो सर मानते क्या? तुम इंजिनिअर, मैं पुदुपेट का आदमी.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ‘और तुम खुद बोलेंगे, ऐसा लगा. थोडा लेट बोले.’

शनिवारी त्यांनी मला बोलावलं. गाडीचं जळलेलं वायरिंग बदलून झालं होतं. सॉकेटची लाइन माझ्यासमोर टाकायची म्हणून त्यांनी ठेवली होती. काकाही आले, तीही आली. बॅटरीच्या धन टोकापासून चार बोटांवर फ्यूज. त्याच्या पुढे एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, आणि तो चालू करायला किल्लीच्या पुढच्या लाइनवरून बारीक वायर, म्हणजे किल्ली फिरवल्याशिवाय सॉकेटला करंटच नाही. ऋण वायर फ्रेमला न जोडता बॅटरीपर्यंत परत. हँडलच्या मानेपाशी त्यांनी वायर सैल ठेवली, हँडल डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत वळवलं, बोट आत घालून कुठे चिमटत नाही ना ते पाहिलं, मगच पट्टी बांधली. सॉकेटला जाणारी वायर आधी खाली वाकवून मग वर नेली, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी वाकावरूनच गळून जाईल. माझाच कन्व्हर्टर त्यांनी पुन्हा वापरला. ‘ये माल अच्छा है,’ म्हणाले.

मग इंजिन चालू करून मीटर लावला. बॅटरीवर चौदा पूर्णांक दोन, सॉकेटवर पाच पूर्णांक एक. टोपण लावून तांब्याभर पाणी ओतलं, पुसलं, पुन्हा मीटर. तेवढेच. शेवटी त्यांनी सॉकेटकडच्या टोकाला कन्व्हर्टरची जोडणी सोडवली, उघड्या धन टोकावर स्क्रूड्रायव्हर ठेवून तो फ्रेमला टेकवला. बारीकशी ठिणगी, टिक असा आवाज, बस. फ्यूज उपसून त्यांनी तिच्या डाव्या तळव्यावर ठेवला. आतली तार तुटलेली दिसत होती.

‘ये मरता है,’ ते म्हणाले, ‘गाडी बचती है.’

तिने तो उजेडात धरून पाहिला. माझ्याकडे पाहिलं नाही. भायनी नवा फ्यूज घातला, जोडणी पुरी केली, आणि काकांसाठी पुन्हा चहा मागवला.

पट्टी निघेपर्यंत तिला पेशंटकडे न्यायचं काम मी मागून घेतलं. काकांनी नाही म्हटलं नाही, हो असंही म्हटलं नाही. ‘जेवण जाहलं का’ हे मात्र त्यांनी विचारायचं सोडलं होतं. रजा टाकून मी माझ्या स्कूटरवरून तिला एन्नोरला नेलं. औष्णिक वीज केंद्राची धुरांडी दिसायला लागल्यावर तिने फक्त वळणं सांगितली.

म्हातारा बाजेवर होता. दोन आठवडे व्यायाम चुकला होता. ती म्हणाली, ‘आधी ह्यांचा हात हनुवटीपर्यंत येत होता.’ मग तिने तोंडाने सांगायचं आणि म्हाताऱ्याच्या बायकोने करायचं, असं सुरू झालं. कोपर असं धरा, मनगट सरळ ठेवा, घाई नको. हात छातीपर्यंत आला आणि थरथरत थांबला. म्हाताऱ्याने जोर लावला, मान वाकडी केली. हात खाली पडला. त्याने आमच्याकडे पाहून हसण्याचा प्रयत्न केला, जणू चूक त्याची होती.

निघताना त्याची बायको दारापर्यंत आली. तिच्या हाताला मासळीचे खवले चिकटलेले होते. माझी स्कूटर बघून तिने तमिळमध्ये विचारलं, ‘हिच्या गाडीत ती वायर कुणी लावली होती?’

‘मी,’ मी म्हणालो.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागाने नाही, नीट समजून घ्यावं म्हणून.

‘तुला ते काम येत नव्हतं का?’

नाही म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. न येणाऱ्या माणसाला लोक माफ करतात. ती शेजारी उभी होती, पट्टीतला हात छातीशी धरून, आणि तीही उत्तराची वाट बघत होती.

‘येत होतं,’ मी म्हणालो.

बाईने आत वळून नवऱ्याच्या बाजेची उशी सारखी केली, त्याचा लुळा हात उचलून पोटावर नीट ठेवला आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसली. मी स्कूटर चालू केली. ती मागे बसली, डाव्या हाताने सीटची पट्टी घट्ट धरून, आणि आम्ही बंदराच्या रस्त्याला लागलो.